अकरावीचं फिजिक्सचं पुस्तक संपलं, आता प्रॉब्लेमची पुस्तकं कोणती घ्यायची आणि ती सोडवायची कशी

गेल्या महिन्यात शेजारच्या वहिनींची पोरगी संध्याकाळी घरी आली आणि दप्तरातनं एकामागोमाग एक पाच जाडजूड पुस्तकं काढून टेबलावर ठेवली. अकरावी सायन्स, बोर्डाचं पुस्तक वाचून झालेलं, मागचे स्वाध्याय पण सोडवलेले. "दादा, यातलं आधी कुठलं करू?" पाचातली दोन मैत्रिणीची, एक क्लासवाल्यांनी सांगितलेलं, एक मामानं पुण्याहून पाठवलेलं, आणि पाचवं कुठनं आलं ते तिलाच माहीत नव्हतं. पाचही पुस्तकांची पहिली पंधरा-वीस पानं तेवढी पेन्सिलीनं रंगलेली, पुढं सगळी कोरी करकरीत. हे मी दरवर्षी बघतोय, आणि मी स्वतः पण हेच केलं होतं, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकू.

मी काय मास्तर नाही, एमआयडीसीत नोकरी करतोय, खरं गल्लीतली पोरं संध्याकाळी प्रॉब्लेम घेऊन येतात त्यामुळं ही पुस्तकं हातातनं सुटलेली नाहीत. हे सगळं इंजिनिअरिंगच्या एंट्रन्ससाठी म्हणजे जेईई आणि आपली सीईटी धरून लिहितोय.

आधी बघ की नेमकं काय संपलंय

स्टेट बोर्डाची पोरं इथंच पहिल्यांदा फसतात आणि हे कुणी सांगत पण नाही. बाजारात मिळणारी प्रॉब्लेमची पुस्तकं बहुतेक सगळी एनसीईआरटीच्या क्रमानं नाहीतर जुन्या आयआयटीच्या क्रमानं लिहिलेली असतात. एनसीईआरटीत अकरावी म्हणजे जवळजवळ सगळं मेकॅनिक्स, मग फ्लुइड्स, हीट, थर्मोडायनॅमिक्स, ऑसिलेशन, वेव्ह्ज. आपल्या २०१९ च्या बालभारतीच्या अकरावीच्या पुस्तकात मात्र रोटेशन नाही, फ्लुइड्स नाही, थर्मोडायनॅमिक्स नाही, ऑसिलेशन नाही, हे सगळं बारावीत टाकलंय. उलट ऑप्टिक्स, इलेक्ट्रोस्टॅटिक्स, करंट, मॅग्नेटिझम, सेमिकंडक्टर यांची पहिली ओळख अकरावीतच होते, जी एनसीईआरटीवाल्यांना बारावीत होते.

म्हणजे तू म्हणतोस अकरावी संपली आणि "अकरावीसाठी" असं छापलेलं पुस्तक उघडतोस, तर त्यातलं निम्मं तू कधी बघितलेलंच नसतं, आणि मग वाटायला लागतं की आपलं डोकंच चालत नाही. डोकं चालतंय, धडाच झालेला नाही.

अजून एक गोष्ट. आपल्या पुस्तकात लॉज ऑफ मोशन हा एकच धडा आहे आणि त्यातच न्यूटनचे नियम, वर्क-एनर्जी, टक्कर, सेंटर ऑफ मास सगळं कोंबलंय. जेईईच्या दृष्टीनं हेच अकरावीचं काळीज आहे आणि प्रॉब्लेमच्या पुस्तकात याचेच चार-पाच वेगळे धडे असतात. त्यामुळं सुरुवात इथनंच करायची.

झालंय की नाही हे तपासायला एक साधी गोष्ट कर. बोर्डाच्या पुस्तकातली लॉज ऑफ मोशनमधली सोडवलेली उदाहरणं घे, उत्तर वहीनं झाक, आणि कोऱ्या कागदावर सोडव. दहातली आठ आकृती काढून सुटली तर पुढं चल. पाच-सहाच सुटली तर चार दिवस अजून तिथंच काढ, कारण पुढची पुस्तकं एवढं तुला येतंय असं धरूनच लिहिलेली आहेत.

एकच पुस्तक, आणि ते कुठलं

एच. सी. वर्मांचं कन्सेप्ट्स ऑफ फिजिक्स. दोन भाग आहेत, पहिल्यांदा पहिला घे. हे काय मी नवीन सांगत नाही, कुणालाही विचारलंस तर हेच सांगेल, खरं का घ्यायचं आणि त्यात काय कुठं आहे ते कुणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दोन्ही भाग मिळून ४७ धडे, पहिल्या भागात २२. पहिल्या भागात मेकॅनिक्स, वेव्ह्ज आणि लाइट आहे. हीट आणि थर्मोडायनॅमिक्स दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला आहे, २३ पासनं. त्यामुळं "अकरावीला पहिला भाग, बारावीला दुसरा" हे जे लोक म्हणतात ते पूर्ण खरं नाही.

स्टेट बोर्डाच्या पोरानं असं जावं. दुसरा धडा गणिताचा आहे, व्हेक्टर आणि कॅल्क्युलस, तो दोन-तीन दिवसात. मग तिसरा कायनेमॅटिक्स. चौथा फोर्सेसचा, तो नुसता वाचायचा. मग पाचवा न्यूटनचे नियम, सहावा घर्षण, सातवा सर्क्युलर मोशन, आठवा वर्क-एनर्जी, नववा सेंटर ऑफ मास आणि टक्कर. सातव्यात बँकिंग येतं, ते आपल्याकडं बारावीत आहे, खरं दोन पानं वाचलीस की समजतंय, त्याला अडू नकोस. नऊ झाला की दहावा सोडून आधी अकरावा, ग्रॅव्हिटेशन, कारण ते तुझं झालेलं आहे. मग परत दहाव्याला, रोटेशनला ये. हा धडा सगळ्यात जड आहे, एकट्या एक्झरसाइजमध्येच ८६ प्रॉब्लेम आहेत, आणि तुला मोमेंट ऑफ इनर्शिया कुणी शिकवलेलं नसणार, त्यामुळं धड्यातली थिअरी धड्यासारखी वाचायची, गोष्टीसारखी नाही, आणि दुप्पट दिवस धरायचे. शेवटी शेवटी प्रकाशाचा वेग मोजण्यावर आणि फोटोमेट्रीवर धडे आहेत, २१ आणि २२, त्यांना एंट्रन्ससाठी हात लावायची गरज नाही.

आता याच पुस्तकाचा आग्रह का, तर प्रॉब्लेम लई अवघड आहेत म्हणून नाही. बोर्डाचं पुस्तक तुला सगळं हातात देतं, कुठला फोर्स आहे, कुठल्या दिशेला आहे, कुठलं सूत्र लावायचं ते धड्याच्या नावावरनंच कळतं. हे पुस्तक त्यातलं थोडं काढून घेतं, खरं पायाखालची जमीन काढून घेत नाही. ते काम पुढची पुस्तकं करतात. उदाहरणानं सांगतो, एकच उतार घेऊ आणि तीन प्रकारे विचारू. प्रॉब्लेम मीच केलेले आहेत, कुठल्या पुस्तकातले नाहीत.

एक उतार, तीन प्रश्न

पहिला, बोर्डाच्या तोंडवळ्याचा. ३७ अंशाचा गुळगुळीत उतार, त्यावर ५ किलोचा ठोकळा सोडला, त्वरण किती? g १० धर, sin37° म्हणजे ०.६, cos37° म्हणजे ०.८. उत्तर g sinθ, ६ मीटर प्रति सेकंद वर्ग. सूत्र आठवलं की संपलं. वजन ५ किलो दिलंय त्याचा उपयोगच झाला नाही हे पण किती पोरांच्या लक्षात येत नाही.

दुसरा. तोच उतार, आता खडबडीत, घर्षणांक ०.५. ठोकळा पायथ्यापासनं वरच्या दिशेनं १० मीटर प्रति सेकंद वेगानं ढकलला. परत पायथ्याशी येईल तेव्हा त्याचा वेग किती?

पाचात चार पोरं पटकन म्हणतात १०, जेवढा गेला तेवढाच येणार. जी जरा विचार करतात ती घर्षण धरतात, खरं जाताना आणि येताना एकच त्वरण धरतात. इथं आकृती दोनदा काढायला लागते. वर जाताना ठोकळा वर चाललाय म्हणून घर्षण खाली, आणि उतारावरचा वजनाचा भाग पण खाली, दोघं एकाच बाजूला:

a = g(sinθ + μ cosθ) = 10(0.6 + 0.4) = 10

म्हणजे १० नं वेग कमी होतोय, बरोबर एका सेकंदात थांबला, अंतर 10²/(2×10) म्हणजे ५ मीटर.

आता थांबल्यावर एक प्रश्न विचारायचा असतो जो पुस्तक विचारत नाही: हा परत खाली येणार तरी का? tan37° आहे ०.७५, घर्षणांक ०.५, उतार जिंकतो, म्हणून येणार. येताना ठोकळा खाली चाललाय म्हणून घर्षण वर:

a = g(sinθ − μ cosθ) = 10(0.6 − 0.4) = 2

५ मीटर खाली यायचंय, v² = 2×2×5 = 20, वेग साधारण ४.५. जायला एक सेकंद लागला, यायला √5 म्हणजे सव्वादोन सेकंद.

आणि हे बरोबर आलं का ते उत्तराचं पान न उघडता बघता येतं. दर किलोमागं सुरुवातीची एनर्जी 10²/2 म्हणजे ५० ज्यूल, शेवटी 20/2 म्हणजे १० ज्यूल. मधले ४० घर्षणानं खाल्ले पाहिजेत. घर्षण दर किलोमागं 0.5×10×0.8 म्हणजे ४ न्यूटन, जायचे ५ आणि यायचे ५ असे १० मीटर, झाले ४०. जुळलं.

आता फक्त एक आकडा बदल, घर्षणांक ०.८ कर. सगळं सूत्रात टाकून मोकळा झालास तर येतानाचं त्वरण १०(०.६ − ०.६४) म्हणजे उणे ०.४ येतंय, आणि पोरं वहीत लिहून ठेवतात "उणे आलं म्हणजे दिशा उलटी". म्हणजे ठोकळा थांबल्यावर आपोआप वर चढायला लागला! उणे आलं याचा अर्थ तो येतच नाही, वरच बसून राहतो, आणि तिथं त्याच्यावरचं घर्षण μN नाही, तर जेवढं पाहिजे तेवढंच, mg sinθ, म्हणजे दर किलोमागं ६ न्यूटन. μN म्हणजे ६.४ ही फक्त वरची मर्यादा. घर्षणाच्या आख्ख्या धड्यातली निम्मी चूक ही एवढीच आहे, हे एकदा हाडात बसलं की तो धडा सोपा.

वर्मांच्या पुस्तकातले प्रॉब्लेम साधारण या दुसऱ्या जातीचे असतात. सूत्र तुला माहीतच आहे, फक्त कुठं, कुठल्या दिशेला आणि लागतंय का नाही ते तुला ठरवायला लागतं.

तिसरा. परत गुळगुळीत उतार, ठोकळा ५ किलोचा, खरं आता ज्याच्यावर तो ठेवलाय ती पाचर ३ किलोची आहे आणि ती स्वतःच गुळगुळीत फरशीवर मोकळी आहे. ठोकळा सोडला. पाचरीचं त्वरण किती?

आता पाचर मागं सरकतीय, ठोकळा तिच्यावरनं घसरतोय, म्हणजे ठोकळ्याचा जमिनीवरनं दिसणारा रस्ता ३७ अंशाचा राहिलाच नाही. आणि N = mg cosθ हे जे तोंडपाठ आहे ते इथं चुकीचं आहे, का, तर उताराच्या लंब दिशेला ठोकळ्याला त्वरण आहे, ते आता शून्य नाही. पाचरीवर आडवा फोर्स N sinθ, म्हणून N sinθ = MA. पाचरीवर बसून ठोकळ्याकडं बघितलं तर सुडो फोर्स mA धरायला लागतो आणि लंब दिशेला N + mA sinθ = mg cosθ. दोन समीकरणं, दोन अज्ञात:

A = mg sinθ cosθ / (M + m sin²θ) = 24 / 4.8 = 5

पाचर ५ मीटर प्रति सेकंद वर्गानं मागं जाते, आणि N येतो २५ न्यूटन. तोंडपाठ सूत्रानं ४० आला असता. ताळा असा: M लई मोठा केला तर A शून्याकडं जातो आणि N परत mg cosθ होतो, म्हणजे पाचर बसून राहिली तर जुनंच उत्तर, जसं पाहिजे तसं.

हा प्रकार वर्मांच्यात पण अधूनमधून भेटतो, खरं ज्यांच्यात सगळेच असे असतात ती पुस्तकं पुढची, त्यांच्याबद्दल शेवटी.

एक धडा करायचा कसा

तालमीत जसं आधी जोर-बैठका मग आखाडा, तसं या पुस्तकाच्या प्रत्येक धड्यात क्रम आधीच लावलेला आहे आणि तो मोडायचा नाही. थिअरी, मग सोडवलेली उदाहरणं, मग शॉर्ट आन्सरचे प्रश्न, मग ऑब्जेक्टिव्ह एक, ज्यात एकच पर्याय बरोबर, मग ऑब्जेक्टिव्ह दोन, ज्यात एक किंवा जास्त बरोबर, आणि शेवटी एक्झरसाइज. पोरं थेट एक्झरसाइजवर उडी मारतात कारण आकडेमोड म्हणजे अभ्यास वाटतो.

सोडवलेली उदाहरणं झाकून सोडवायची. वाचली की सगळी सोपीच वाटतात, तोच धोका. आकृती आपण काढायची, पहिलं समीकरण आपण लिहायचं, मगच उघडून बघायचं.

शॉर्ट आन्सरचे प्रश्न सगळी सोडून देतात कारण उत्तरं मागं दिलेली नाहीत आणि परीक्षेत असे येत नाहीत. माझ्या मते पुस्तकातला सगळ्यात भारी भाग तोच. "घर्षण नेहमी गतीच्या विरुद्ध असतं" हे वाक्य घे. टेम्पोच्या हौद्यात दहा किलोची गुळाची ढेप ठेवलीय, टेम्पो पुढं निघाला, ढेप पण त्याच्याबरोबर पुढं निघाली. तिला पुढं कोण ढकलतंय? हौद्याचं घर्षणच, दुसरं आहेच कोण. घर्षण पुढच्या दिशेला आहे. घर्षणांक ०.४ असेल आणि टेम्पोचं त्वरण ३ असेल तर घर्षण ३० न्यूटन, ४० नाही. ४० ला ते फक्त त्वरण ४ झाल्यावर पोहोचतं, त्याच्यावर गेलं की ढेप मागं घसरते. असं एखादं वाक्य शेजारच्याशी भांडून पक्कं केलं की ऑब्जेक्टिव्ह दोनमधले चार प्रश्न फुकटात सुटतात.

एक्झरसाइजला मात्र नियम लावून घे. घर्षणाच्या धड्यात ३१ आहेत, रोज पाच-सहा केले तर आठवड्यात धडा होतो. एका प्रॉब्लेमला वीस मिनिटं. वीस मिनिटात सुटला नाही तर कागदावर काय काय आहे ते बघ: आकृती आहे का, फोर्स सगळे दाखवलेत का, अक्ष कुठले घेतलेत, समीकरणं किती आणि अज्ञात किती. बहुतेक वेळा अज्ञात जास्त आणि समीकरण एक कमी निघतं, आणि ते राहिलेलं समीकरण बहुधा दोरीचं नाहीतर संपर्काचं असतं, म्हणजे दोन वस्तू एकत्र हलतात त्याचं. तरी नाही सुटला तर नंबरासमोर गोल कर आणि पुढं जा, दोन दिवसांनी परत ये. लगेच सोल्युशन उघडलंस तर तो प्रॉब्लेम तुझा राहिला नाही, त्याचा झाला. मोबाईलवर प्रत्येक प्रॉब्लेमचं सोल्युशन मिळतंय आणि त्यातली काही चुकीची पण असतात, उत्तर जुळवण्यासाठी मधेच चिन्ह बदललेलं मी स्वतः बघितलंय.

दुसऱ्यांदा पण नाही सुटला तर खुशाल सोल्युशन बघ, खरं सगळं नाही, पहिली ओळ सुटेपर्यंतच, आणि मग बंद करून आपलं आपण. त्या गोलाच्या शेजारी एक शब्द लिही, कुठं अडलं ते: आकृती, दिशा, समीकरण, का नुसती आकडेमोड. धडा संपल्यावर ते शब्द मोज. शेजारच्या पोरीचे पाचव्या धड्यात अकरा गोल होते, त्यातल्या सात ठिकाणी "दोरी" लिहिलेलं. म्हणजे तिला न्यूटन येत होता, पुलीत एक ठोकळा एक मीटर खाली आला की दुसरा किती वर जातो हे कळत नव्हतं. एक दिवस नुसत्या पुल्या काढल्या, दोरीची लांबी कायम धरून प्रत्येक तुकडा किती वाढला किती कमी झाला ते लिहिलं, आणि त्या सातातले पाच तिचे तिनंच सोडवले.

उत्तर जुळत नसेल तर आधी g बघ. काही ठिकाणी १० घ्यायला सांगितलंय, काही ठिकाणी ९.८. शंभरात दोनचा फरक असेल तर तू बरोबर आहेस, पुढं चल. दुप्पट किंवा निम्मं असेल तर चूक तुझीच.

मराठी मीडियममधनं आलेल्यांसाठी

दहावीपर्यंत मराठीत शिकलेल्या पोरांना फिजिक्स अडत नाही, चार इंग्रजी शब्द अडतात, आणि प्रॉब्लेमच्या पुस्तकात त्या शब्दातच माहिती लपवलेली असते. "स्मूद" लिहिलं की घर्षण शून्य. "लाइट" म्हणजे उजेड नाही आणि हलकं पण नाही, वस्तुमान शून्यच धरायचं, म्हणून गुळगुळीत पुलीवरनं गेलेल्या लाइट दोरीत दोन्हीकडं टेन्शन सारखं. "इनएक्स्टेन्सिबल" म्हणजे दोरी ताणत नाही, म्हणून पुली जागेवर पक्की असेल तर एका दोरीनं बांधलेल्या दोघांचं त्वरण सारखं, हे राहिलेलं समीकरण इथं लपलेलं असतं. "स्लोली" उचललं म्हणजे कायनेटिक एनर्जी धरू नको. "जस्ट" हा शब्द दिसला, जस्ट स्लिप्स, जस्ट लीव्हज, की काहीतरी मर्यादेवर पोहोचलंय, घर्षण μN झालंय किंवा N शून्य झालाय. "रिलीज्ड" म्हणजे सुरुवातीचा वेग शून्य. आणि पाचरीपुढं "फिक्स्ड" लिहिलेलं नसेल तर सावध, ती मोकळी असणार, आणि मग तो वरचा तिसरा प्रॉब्लेम.

हे शब्द वहीच्या शेवटच्या पानावर लिहीत जा. पंचवीस-तीस शब्दांच्या वर जात नाहीत.

मग दुसरं पुस्तक

पहिल्या पुस्तकाचे पाचव्यापासनं नवव्यापर्यंतचे धडे झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. झाल्यावर काय घ्यायचं ते तू कशाला बसणार त्यावर आहे.

फक्त सीईटी असेल तर खरं तर दुसरं जाड पुस्तक नकोच. सीईटीत फिजिक्सचे ५० प्रश्न, केमिस्ट्रीचे ५०, दोन्हींना मिळून ९० मिनिटं, म्हणजे प्रश्नाला एक मिनिट पण नाही. चुकीला मार्क कापत नाहीत. अकरावीचे साधारण वीस टक्केच, बाकी बारावीचं. तिथं पाचर-बिचर सोडवत बसलास तर मेलास. मागच्या वर्षांचे पेपर घड्याळ लावून सोडवणं हेच तुझं दुसरं पुस्तक.

जेईई मेन असेल तर फिजिक्सचे २५ प्रश्न, त्यातले पाच असे की पर्याय नसतात, उत्तर आकड्यात टाकायचं. चुकीला मार्क जातात. इथं धड्यावार लावलेले मागच्या वर्षांचे प्रश्न आधी, आणि ज्या धड्यात गोल जास्त आलेत तेवढ्याच धड्यासाठी डी. सी. पांडेंचं मेकॅनिक्स. त्याचे दोन भाग येतात आणि प्रश्न ढिगानं आहेत. सगळे करायचे नसतात. एकाच जातीचे दहा प्रश्न असतील तर पहिला, पाचवा आणि दहावा कर, तिन्ही सुटले तर जात तुझी झाली.

इरोडॉव्ह. हे नाव घेतलं की पोरांच्या डोळ्यात वेगळीच चमक येते. मी पण अकरावीत असताना जुन्या पुस्तकांच्या गाड्यावरनं ते उचललं होतं, पहिल्या दहातले दोन पण सुटले नाहीत आणि पंधरा दिवस फिजिक्सकडं बघितलंच नाही. चूक पुस्तकाची नव्हती, मी वेळेआधी उघडलं होतं. हे मूळ रशियन पुस्तक, मीर प्रकाशनानं इंग्रजीत आणलेलं, आणि त्यातले बरेच प्रॉब्लेम वरच्या तिसऱ्या जातीचे, आकडे न देता नुसत्या अक्षरात. नवीन माणूस आधी खुणांनीच गोंधळतो, त्वरणाला w लिहिलेलं असतं आणि घर्षणांकाला k, आपण w बघितला की वर्क समजतो आणि k बघितला की स्प्रिंग. अॅडव्हान्स्डला बसायचं असेल आणि नऊ धडे खरंच झाले असतील तर त्यातला मेकॅनिक्सचा भाग घे, रविवारी दोन प्रॉब्लेम, बस. मेनपुरतं असेल तर नाही केलंस तरी काही बिघडत नाही.

विकत घेताना

वर्मांचं पुस्तक सेकंड हँड घेतलं तरी चालतं, प्रॉब्लेम जुने झालेले नाहीत. खरं फुटपाथवर नवीन आणि लई स्वस्त मिळालं तर जपून. मी एकदा भाच्यासाठी असंच एक घेतलं, ते कुणीतरी कॉपी मारून छापलेलं निघालं, घातांक पुसट, काही आकृत्यांतले बाण गायब, आणि तो बिचारा दहाचा उणे सहावा घात दहाचा सहावा समजून दोन तास डोकं फोडत बसला होता. घेताना उत्तरांची पानं उघडून बघ, घातांक आणि उणे चिन्ह स्वच्छ वाचता येतंय का. मग घर्षणाच्या धड्यातल्या आकृत्या बघ, कोन आणि अक्षरं दिसतायत का. सेकंड हँड असेल तर आतल्या एक्झरसाइजवर आधीच्या मालकानं पेननं उत्तरं लिहिलीत का तेवढं चाळून घे, पेन्सिल असेल तर घरी जाऊन खोडता येतं, पेन असेल तर दुसरी प्रत बघ, कारण समोर उत्तर दिसत असताना वीस मिनिटं कोण थांबत नाही.